तिसरा आणि एकशेअठरावा

‘टीएसएचच्या रेफरन्स इंटरव्हलवर थीसिस करायचा आहे. माणसं १२०च का लागतात? आणि ती निरोगी आहेत हे ठरवायचं कसं?’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. दर वर्षी कुणी ना कुणी रेसिडेंट हे विचारतो आणि बहुतेकांना फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर हवं असतं, कारण सिनॉप्सिसमध्ये सॅम्पल साइजचा रकाना भरायचा असतो. ते आधी सांगून टाकू.

टीएसएच म्हणजे थायरॉइडला चालना देणारा हार्मोन, आणि निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ टक्क्यांचे रिझल्ट ज्या पल्ल्यात येतात तो रेफरन्स इंटरव्हल. तो काढायला सगळ्यांचे रिझल्ट चढत्या क्रमाने लावायचे आणि दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के बाहेर ठेवायचे. माणसं १२० असतील, तर १२१ ला ०.०२५ ने गुणायचं, ३.०२५ येतात. म्हणजे खालची मर्यादा तिसऱ्या माणसाचा रिझल्ट. वरची तसंच काढली की ११८व्याचा. एवढ्यापुरती ३९ माणसंही चालली असती, तिथे पहिला आणि शेवटचा रिझल्ट हीच मर्यादा ठरते. पण ती मर्यादा किती पक्की आहे हे सांगायचं असेल, तिला ९० टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल द्यायचा असेल, तर ३९ पुरत नाहीत. सगळ्या समाजातल्या खालच्या अडीच टक्क्यांतला एकही माणूस आपल्या सॅम्पलमध्ये न येण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या खाली जावी लागते. ११८ माणसांना ती ५ पेक्षा किंचित जास्त राहते, ११९ ला कमी होते. लॅबसाठी मानकं ठरवणाऱ्या सीएलएसआय या संस्थेच्या ईपी२८ या मार्गदर्शिकेतला १२० हा आकडा या हिशोबातला आहे. आणि तो प्रत्येक गटासाठी आहे. वयस्कर लोकांचा टीएसएच मुळातच थोडा वर सरकलेला असू शकतो. त्यांची मर्यादा वेगळी काढायची असेल तर त्यांचे १२० वेगळे.

सरासरी घेऊन दोन एसडी अधिक-उणे करू का, असं पुढे विचारतातच. टीएसएचचा आलेख उजवीकडे लांब शेपटी असलेला असतो, तिथे ती रीत सरळ वापरली तर खालची मर्यादा भलतीच खाली जाते. क्रमाने लावणं साधं आणि प्रामाणिक.

आता खरा प्रश्न. मर्यादा तिसऱ्या आणि ११८व्या माणसावर टेकलेली असते. मधली शंभरेक माणसं कुठे उभी आहेत याने तिला फारसा फरक पडत नाही. सगळं वजन टोकाच्या मूठभर लोकांवर. त्यांच्यात चुकीची दोन-तीन माणसं शिरली की इंटरव्हल बदलतो, आणि संख्याशास्त्र ते पकडेलच असं नाही.

उदाहरण घेऊ. आकडे मी समजावण्यापुरते धरले आहेत. १२० जणांनी ‘मला काही आजार नाही, गोळ्या चालू नाहीत’ असं लिहून दिलं, गळा तपासला, गाठ नाही. सगळ्यांत कमी टीएसएच ०.४ मिली इंटरनॅशनल युनिट प्रति लिटर. वरच्या टोकाला १११वा ३.७, मग ११४वा ३.९, ११५वा ४.०, ११६वा ४.१, ११७वा ४.३, ११८वा ४.६, ११९वा ५.८ आणि शेवटचा ८.२. म्हणजे वरची मर्यादा ४.६. तिचा ९० टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ११४व्यापासून १२०व्यापर्यंत, म्हणजे ३.९ ते ८.२. इतका पसरट इंटरव्हल दिसला की मी आधी शेवटची दोन नावं बघतो.

८.२ आउटलायर म्हणून काढता येईल का? डिक्सनच्या रीतीने शेवटच्या दोघांतलं अंतर २.४, एकूण पल्ला ७.८, भागाकार ०.३१. काढायला तो एक तृतीयांशापेक्षा जास्त हवा. म्हणजे नाही काढता येत. ५.८ वाला शेजारी उभा आहे, म्हणून ८.२ वाला एकटा पडलेला दिसतच नाही.

आता सगळ्या १२० जणांची टीपीओ अँटिबॉडी करा, थायरॉइडच्या ऑटोइम्यून आजाराची खूण असते ती. वर आले त्यांचीच नव्हे, सगळ्यांची. समजा नऊ जण पॉझिटिव्ह निघाले: ११७वा, ११९वा, १२०वा, आणि सहा जण रांगेत खाली कुठेतरी, ज्यांचा टीएसएच अगदी सर्वसाधारण आहे. नऊच्या नऊ बाहेर. उरले १११, म्हणून नऊ नवे घेतले, त्याच चाळणीतून, आणि त्यांचे रिझल्ट मधल्या भागात आले. आता शेवटचा माणूस ४.६ वाला, त्याच्या आधी ४.१ आणि ११८वा ४.०. वरची मर्यादा ४.६ वरून ४.० वर आली आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल ३.७ ते ४.६ झाला. मशीन तेच, किट तेच. ४.३ आलेला पेशंट पहिल्या इंटरव्हलने नॉर्मल होता, दुसऱ्याने नाही.

इथे एक मोह होतो. ‘सर, ८.२ म्हणजे सबक्लिनिकल हायपोथायरॉइड, काढून टाकू.’ टीएसएच जास्त म्हणून माणूस आजारी ठरवायचा आणि मग उरलेल्यांवरून टीएसएच किती म्हणजे जास्त ते ठरवायचं, हे गोल फिरणं झालं. वगळण्याची अट टीएसएचच्या बाहेरची हवी आणि रक्त काढण्याआधी लिहिलेली हवी. परीक्षकाने याच एका मुद्द्यावर थीसिस परत पाठवला तर मी परीक्षकाच्या बाजूने असेन.

अँटिबॉडीनेही सगळं पकडलं जात नाही. थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार असूनही टीपीओ निगेटिव्ह येणारे काही असतात. शक्य असेल तर थायरोग्लोब्युलिन अँटिबॉडीही करा, सोनोग्राफी जमली तर उत्तमच. नाही जमलं तर अभ्यासाच्या उणिवांच्या प्रकरणात तसं लिहा.

प्रश्नावलीत थायरॉइडच्या गोळ्या, लिथियम, अमिओडॅरोन आणि गरोदरपण सगळेच विचारतात. केसांसाठी घेतलेलं बायोटिन राहून जातं. ज्या किटमध्ये बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिनची जोडी वापरली आहे, तिथे रक्तातलं जास्तीचं बायोटिन टीएसएच खोटा कमी दाखवतं, म्हणजे तुमचा तिसरा माणूस बिघडतो. रक्त काढण्याची वेळही एकच ठेवा. टीएसएच रात्री चढतो आणि दुपारनंतर सगळ्यांत खाली असतो. सकाळी आलेले विद्यार्थी आणि ड्यूटी संपवून संध्याकाळी आलेला स्टाफ एका रांगेत लावला, तर तुम्ही माणसांबरोबर घड्याळही मोजताय.

ही गळती धरून सुरुवातीलाच दीडशेच्या आसपास लोकांची परवानगी एथिक्स कमिटीकडून घ्या. नंतर नऊ माणसं वाढवायला पुन्हा अर्ज करावा लागला की वेळ हातातून जातो. आणि ते दीडशे सगळे वसतिगृहातले नकोत. तेविशीतल्या मुलांवरून काढलेला इंटरव्हल ओपीडीतल्या साठीच्या माणसाला लावणार कसा?

थीसिसमध्ये नुसती ‘०.५ ते ४.०’ अशी ओळ देऊ नका. मशीन, किट, प्रत्येक मर्यादेचा कॉन्फिडन्स इंटरव्हल आणि किती जण कोणत्या अटीमुळे गळले ते लिहा. दुसऱ्या लॅबला तुमचा इंटरव्हल वापरायचा असेल तर त्यांना १२० गोळा करावे लागत नाहीत. पद्धत आणि लोक तुमच्यासारखेच असतील तर २० निरोगी माणसं पुरतात. त्यांतली दोनपर्यंत बाहेर पडली तरी इंटरव्हल चालतो, तीन-चार पडली तर आणखी २० घेऊन बघायचं. पण ते २० कोणत्या चाळणीतून घ्यायचे, हे त्यांना तुमच्या गळतीच्या तक्त्यावरूनच कळणार.