पहिल्या फोनवरचे तीन रकाने

भोसरीतल्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी गुणवत्ता विभागात इंजिनिअर आहे. सकाळच्या पाळीत प्रेसच्या ओळीजवळ तपासणी चालू असताना एका कन्सल्टन्सीतून फोन आला आणि पलीकडच्या तरुणाने, नोकरी बदलण्याचा विचार आहे का, असे विचारले. यंत्रांच्या आवाजात, शेजारी आमचेच सुपरवायझर उभे असताना, पगाराचे आकडे सांगणे शक्य नव्हते, म्हणून जेवणाच्या सुट्टीत फोन करण्याची विनंती मी केली आणि त्याआधी कंपनीचे नाव व पद संदेशाने पाठवायला सांगितले. नाव कळल्याशिवाय आपला बायोडेटा पुढे पाठवायला मी होकार देत नाही. एकाच जागेसाठी दोन कन्सल्टन्सींकडून एकाच उमेदवाराचा अर्ज गेला, तर उमेदवार कोणी आणला यावरून वाद होतो, आणि पुष्कळदा कंपनी तो अर्जच बाजूला ठेवते.

सुट्टीत मी गेटबाहेरच्या झाडाखाली जाऊन बसले. नेमणूकपत्राचा फोटो आणि शेवटच्या महिन्याची पगारपावती मोबाइलवर उघडून ठेवली होती. अशा पहिल्या फोनवर आपल्या कामाविषयी फारसे बोलणे होत नाही, कारण समोरच्या माणसापुढे एक फॉर्म असतो आणि त्यातले रकाने भरून तो पुढे पाठवायचा असतो. मुलाखत घेणारे अधिकारी, एचआर विभाग आणि शेवटी ऑफर लेटर तयार करणारा माणूस, हे सगळे त्याच रकान्यांवरून पुढचे ठरवतात. त्यामुळे प्रत्येक आकडा कशाचा आहे हे सांगितल्याशिवाय तो उच्चारायचा नाही, असे मी आधीच ठरवले होते.

पहिला प्रश्न सरळ होता. "मॅडम, सध्या हातात किती येतात?"

माझ्या हातात महिन्याला ५६,२०० रुपये येतात. हा आकडा खराच आहे, पण तो एकटा सांगितला असता तर त्याने त्याला १२ ने गुणले असते आणि रकान्यात ६.७४ लाख लिहिले असते. माझी प्रत्यक्ष मांडणी वेगळी आहे. महिन्याचा एकूण पगार ६०,०००, त्यात मूळ पगार ३०,०००. त्यातून माझ्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी ३,६०० आणि व्यवसाय कर २०० रुपये कापला जातो. वर्षाचा हिशेब केला तर एकूण पगार ७.२० लाख, कंपनीच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी ४३,२००, ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे १७,३००, विम्याचा हप्ता साडेसात हजार आणि कामगिरीवर अवलंबून असलेले ७२,००० रुपये, असे मिळून कंपनीला माझ्यावर वर्षाला येणारा एकूण खर्च, म्हणजे सीटीसी, ८.६० लाख होते.

"तुमच्या फॉर्ममध्ये सीटीसी विचारली आहे की हातातला पगार?" असे मी विचारले. तो म्हणाला, "सीटीसी." मग मी ८.६० लाख सांगितले आणि त्यातले ७.२० लाख निश्चित, ७२,००० बदलते, असे वेगळे लिहून घ्यायला सांगितले. बदलत्या रकमेपैकी गेल्या वर्षी प्रत्यक्षात ७० टक्केच मिळाले, हेही सांगितले, कारण पुढे पगारपावत्या आणि फॉर्म १६ मागितले जातात, आणि तेव्हा आकडे जुळले नाहीत तर उमेदवाराने खोटे सांगितले असा समज होतो. त्यानंतर त्याने सांगितले, की त्यांच्याकडे साधारणपणे सध्याच्या पगारावर ३० टक्क्यांपर्यंत वाढ देतात. म्हणजे ६.७४ लाखांवर वाढ धरली असती तर ८.७७ लाख झाले असते, माझ्या आजच्या सीटीसीपेक्षा जेमतेम जास्त, ८.६० लाखांवर तीच वाढ ११.१८ लाखांपर्यंत जाते. फरक जवळपास २.४ लाखांचा आहे, आणि तो केवळ कोणता आकडा सांगितला यावर ठरला असता.

अपेक्षा विचारल्यावर मी आकडा लगेच दिला नाही. या जागेसाठी मंजूर केलेली मर्यादा किती, असे विचारले. थोडे थांबून तो म्हणाला, "दहा ते अकरा." मग १०.५० लाख आणि त्यातले किमान ९ लाख निश्चित, अशी अपेक्षा मी नोंदवली.

नोटीस पीरियडचा प्रश्न मात्र अवघड होता. त्यांना ३० दिवसांत रुजू होणारा माणूस हवा होता. माझ्या नेमणूकपत्रात ६० दिवसांची नोटीस आहे, किंवा व्यवस्थापनाच्या मर्जीनुसार कमी पडलेल्या दिवसांचा मूळ पगार. यातला 'मर्जीनुसार' हा शब्द निर्णायक आहे. ३० दिवस कमी भरले तर ३०,००० रुपये भरायची माझी तयारी असली, तरी ते घेऊन मला सोडायचे की नाही हे माझ्या हातात नाही. कंपनीने मोकळे न करताच मी निघून गेले तर रिलीव्हिंग लेटर मिळत नाही, आणि नवी कंपनी रुजू होताना तेच मागते.

तो म्हणाला, "मी सध्या तीस लिहितो मॅडम, नाहीतर प्रोफाइल पुढे जाणार नाही. नंतर बघू."

मी त्याला तसे लिहू दिले नाही. त्याचे काम मला समजत होते. यादीतली नावे पुढे सरकली नाहीत तर त्याच्यावरही दबाव असणार. पण ते तीस पुढे ऑफर लेटरमध्ये रुजू होण्याची तारीख म्हणून छापले गेले असते आणि ती तारीख पाळणे मला शक्य नव्हते. मी सांगितले, "६० दिवस लिहा. शिल्लक रजा समायोजित करून साहेबांनी परवानगी दिली, तर ४५ दिवसांत होऊ शकेल, पण ती खात्री मी देत नाही. मी अजून राजीनामाही दिलेला नाही आणि ऑफर लेटर हातात आल्याशिवाय देणार नाही." नोटिशीचे पैसे नवी कंपनी परत देते का, हेही विचारले. तो हो म्हणाला. अशी रक्कम बहुधा रुजू झाल्यावर पगारासोबत मिळते आणि वर्षभरात नोकरी सोडल्यास परत करावी लागते, म्हणून तशी अट आहे का, हे विचारून ठेवायला सांगितले.

तिसरा रकाना ठिकाणाचा. तो म्हणाला, "पुणे." पुण्यात चाकणही येते, पिरंगुटही येते. कोणती एमआयडीसी, असे विचारल्यावर रांजणगाव असे उत्तर आले. मी मोशीला राहते. तिथून चाकण–शिक्रापूर रस्त्याने रांजणगाव ५० किलोमीटरच्या आसपास पडते आणि तो रस्ता अवजड ट्रकांनी भरलेला असतो. 'ठिकाण मान्य' एवढेच लिहिले असते, तर पुढे बसविषयी बोलायला जागा उरली नसती. मी अट घालून होकार दिला: कंपनीची बस भोसरी किंवा मोशीतून असेल तर चालेल, नसेल तर शिक्रापूरला घर घ्यावे लागेल आणि ते भाडे धरून पगाराची अपेक्षा पुन्हा ठरवावी लागेल. बस कुठून सुटते हे त्याला माहीत नव्हते. त्याने ते चौकशीसाठी नोंदवले.

फोन ठेवल्यावर मी त्याला हेच सगळे चार ओळींच्या मेलने पाठवले: सीटीसी व तिची फोड, अपेक्षा, ६० दिवस, रांजणगाव बसच्या अटीवर. संध्याकाळी त्याचे उत्तर आले. बस भोसरीतून सुटते, पण फक्त पहिल्या आणि जनरल पाळीला. साठ दिवसांची नोटीस कंपनीला मान्य आहे. तिसऱ्या पाळीत गुणवत्ता विभागाचा माणूस लागतो का, हा प्रश्न मी त्याच मेलखाली लिहून परत पाठवला, आणि त्याचे उत्तर येईपर्यंत मुलाखतीची वेळ ठरवली नाही.