हालु, पालु आणि दूध

सोलापुरात पाचवीच्या वर्गाला शिकवायचं म्हणजे वर्ग मराठी माध्यमाचा असला, तरी घरी कुणी कन्नड बोलतं, कुणी तेलुगू, कुणी उर्दू. भाषाकुलांचा पाठ आखताना मी ठरवलं, की शब्द मुलांच्या घरूनच मागवायचे. दूध, साप, वाघ, फूल, फळ, वीस आणि विंचू यांना घरी काय म्हणतात, ते चिठ्ठ्यांवर लिहून आणायचं.

आई हा शब्द मी मुद्दाम वगळला. अम्मा, अम्मी असे शब्द बाळाच्या पहिल्या बोलांतून जगभर तयार होतात, त्यामुळे नातं नसलेल्या भाषांतही ते सारखे निघतात. मुलं तर हा शब्द सगळ्यात आधी पुढे करतात.

मराठी आणि उर्दूच्या चिठ्ठ्या शेजारी शेजारी लावल्या. वाघ–बाघ, वीस–बीस, विंचू–बिच्छू. मराठीत व, तिथे ब, हे मुलांनीच ओळखलं. हिंदीतही असंच असतं, असं उर्दू बोलणारी एक मुलगी म्हणाली. मग मी वर व्याघ्र लिहिलं, त्याखाली प्राकृतातलं वग्घ आणि तिथून वाघ व बाघ अशा दोन फांद्या काढल्या. आपली उर्दू मराठीच्याच झाडावर आहे हे पाहून ती मुलगी फळ्याजवळ आली आणि फांदीवरून बोट फिरवत वरपर्यंत गेली.

मग कन्नड आणि तेलुगूची पाळी. कन्नड घरातल्या मुलाने वाचलं: हालु, हावु, हुली, हू, हण्णु. तेलुगू घरातल्या मुलीने वाचलं: पालु, पामु, पुली, पुव्वु, पंडु. क्षणभर कुणी बोललं नाही. मग तो मुलगा उभा राहिला. “बाई, हिच्या प ला आमच्यात ह होतो!” मी विचारलं, दहाला काय म्हणता? तो म्हणाला हत्तु, ती म्हणाली पदि. तमिळ वर्गात कुणालाच येत नव्हतं, म्हणून पाल्, पाम्बु, पुलि मीच लिहिलं. प मूळचा आहे हे त्यावरून दिसलं. जुन्या कन्नडातही शब्दाच्या सुरुवातीला प होता, तो पुढे ह झाला. दक्षिणेतल्या या भाषांचं कुळ वेगळं आहे, हे मद्रासचे कलेक्टर एलिस यांनी 1816 साली असेच शब्दांचे तक्ते मांडून दाखवलं होतं.

तेवढ्यात एकाने हरकत घेतली. आपलं फूल आणि तेलुगूचं पुव्वु सारखंच वाटतं, मग मराठीपण त्याच झाडावर का नाही? प्रश्न उत्तम होता. मी सांगितलं, एका शब्दावर नातं ठरत नाही, बाकीच्या चिठ्ठ्या लावून बघ. त्याने लावल्या. दूध–पालु, साप–पामु, वाघ–पुली. काहीच जुळेना. वाघ–बाघ जुळतात ते एकदा नव्हे, वीसमध्ये आणि विंचवातही त्याच रीतीने जुळतात. फूल–पुव्वुच्या मागे अशी रांग उभी राहत नाही. मुलांना हा फरक कळला, की अर्धा पाठ झाला असं मी समजते.

राहिलेला अर्धा उसन्या शब्दांचा. अक्का, अण्णा आणि तूप हे शब्द मराठीत कन्नडकडून आले आहेत. नुसती यादी बघून मुलं मराठीला चटकन कन्नडची बहीण ठरवतात. म्हणून वंशाला सरळ रेघ आणि उसनवारीला तुटक रेघ, असा नियम केला. पुस्तक कन्नडमध्येही पुस्तकच आहे, तेलुगूत पुस्तकम्. आमच्या नियमाने तिथे ह का नाही? बराच वेळ कुजबुज झाली. शेवटी तेलुगू बोलणारी ती मुलगी म्हणाली, “ते घरचं नाही, मागून आणलंय.” संस्कृतातून आलेला हा शब्द ह च्या बदलात सापडला नव्हता. म्हणजे तो प हाच उसनवारीचा पुरावा.

दुसऱ्या दिवशी कन्नड बोलणारा मुलगा आजोबांना विचारून एक शब्द घेऊन आला. होत्तिगे, म्हणजे पुस्तकच. मग यात ह कसा? हा शब्दही मूळ पुस्तकवरूनच, पण प्राकृतातून फार आधी कन्नडमध्ये गेला, आपल्या पोथीचाच भाऊ. प चा ह झाला तेव्हा तो तिथे होता, त्यामुळे बाकीच्यांबरोबर तोही बदलला. मग आम्ही कन्नडच्या फांदीवर प बदलतो ती जागा लाल खडूने आखली. होत्तिगेची तुटक रेघ तिच्या वर जोडली आणि पुस्तकची खाली.