कागदाला कोणी घासलं नव्हतं

केस विंचरून झाले की कंगवा खाली ठेवायच्या आधी तो एकदा कागदाच्या कपट्यांवरून फिरवायचा, हा उद्योग न केलेलं मूल सापडणं कठीण. कपटे टुणकन उडी मारतात, दात्यांना लोंबकळतात, एखादा नुसताच थरथरत राहतो. असं का होतं म्हणून विचारलं, तर ठरलेलं उत्तर येतं: घर्षणाने वीज तयार होते. उत्तर खोटं नाही, पण ते अर्ध्याच गोष्टीचं आहे. घासला तो कंगवा. कागद बिचारा टेबलावर पडून होता, त्याला कोणी घासलं नव्हतं. मग तो का उडाला?

कंगव्याचं आधी उरकून घेऊ. प्लॅस्टिकचा कंगवा कोरड्या केसांतून फिरला की केसांवरचे काही इलेक्ट्रॉन त्याच्यावर येतात. इलेक्ट्रॉन ऋण प्रभाराचे, म्हणून कंगवा ऋण होतो आणि केस तेवढेच धन होतात. विंचरल्यावर केस भुरभुरतात तेही यामुळेच: प्रत्येक केस धन, आणि सारखे प्रभार एकमेकांना दूर लोटतात. कंगव्यावर जमा झालेला प्रभार एक नॅनोकूलोम, म्हणजे एका कूलोमचा अब्जावा भाग धरला, तरी त्यात सुमारे सहाशे कोटी इलेक्ट्रॉन असतात. प्लॅस्टिक दुर्वाहक असल्यामुळे ते जिथे आले तिथेच बसून राहतात. जीवाश्म झालेली राळ, म्हणजे अंबर, घासली की हलक्या वस्तू ओढते हे ग्रीकांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. अंबराला ते इलेक्ट्रॉन म्हणत, आणि आपल्या इलेक्ट्रॉनचं नाव तिथूनच आलं.

आता कागद. त्याच्यावर जादा प्रभार नाही. त्याच्यातले धन आणि ऋण प्रभार तंतोतंत सारखे आहेत. विरुद्ध प्रभार एकमेकांना ओढतात हा नियम इथे सरळ लावता येत नाही, कारण कागद कंगव्याच्या विरुद्ध नाही आणि सारखाही नाही. तो उदासीन आहे. काचेची कोरडी नळी रेशमी कापडावर घासली तर ती धन होते, आणि तीही हेच कपटे तितक्याच आनंदाने ओढते. कागद आधीपासून धन असता, तर धन काचेने त्याला दूर लोटलं असतं. ऋण कंगवाही ओढतो आणि धन काचही ओढते, म्हणजे समोर जो येईल त्याला साजेसं काहीतरी कागदाच्या आतच घडत असलं पाहिजे.

घडतं ते असं. कागद अणूंचा बनलेला आहे. प्रत्येक अणूच्या मधोमध धन केंद्रक असतं आणि भोवती इलेक्ट्रॉनचा ढग. एरवी दोन्ही एकमेकांवर बरोबर मध्यावर बसलेले असतात. वरून ऋण कंगवा आला की तो ढगाला खाली ढकलतो आणि केंद्रकाला वर ओढतो. इलेक्ट्रॉन अणू सोडून पळत नाहीत, कागद काही तांब्याची तार नव्हे. ढग फक्त सरकतो, आणि सरकतो तरी किती? अणूच्या रुंदीच्या हजाराव्या भागापेक्षाही कितीतरी कमी. पण पाच मिलिमीटर लांब-रुंद कपट्यात जवळजवळ 1 वर 20 शून्यं इतके अणू असतात, आणि ते सगळे एकाच दिशेने सरकतात.

प्रार्थनेच्या वेळी मुलं आणि मुली एकाआड एक रांगेत उभी आहेत असं समजा. शिट्टी वाजली की सगळ्या मुली अर्धं पाऊल पुढे आणि सगळी मुलं अर्धं पाऊल मागे. रांगेच्या मध्यावर पाहणाऱ्याला फरक कळणार नाही, तिथे मुलामुलींचं प्रमाण होतं तेच राहतं. फरक दिसतो दोन टोकांना: पुढच्या टोकाला मुली बाहेर आलेल्या, मागच्या टोकाला मुलगे. कपट्यातही पोटात सगळं फिटून जातं आणि उरतात दोन पृष्ठभाग. कंगव्याकडचा पृष्ठभाग किंचित धन, टेबलाकडचा किंचित ऋण. कंगव्याच्या नुसत्या जवळ असण्याने झालेल्या या विभागणीला प्रवर्तित ध्रुवीकरण म्हणतात. काच आणली तर शिट्टी तीच, फक्त दिशा उलटी: वरची बाजू ऋण, खालची धन. कंगवा दूर नेला की ढग जागेवर येतात आणि कपटा होता तसा होतो.

इथे चौकस मूल हात वर करतं, आणि त्याचा प्रश्न रास्त असतो. वरची बाजू धन, तिला कंगवा ओढतो. खालची तेवढीच ऋण, तिला तो लोटतो. मग दोन्ही फिटून जायला नकोत का?

फिटली असती, जर दोन्ही बाजू कंगव्यापासून सारख्याच अंतरावर असत्या तर. विजेचं बल अंतर वाढलं की झपाट्याने घटतं: अंतर दुप्पट, तर बल चौथाई. आता आकडे घालून पाहू. कंगव्याचा सगळा प्रभार एका दात्याच्या टोकावर आहे असं धरू. कपट्याची वरची बाजू त्याच्यापासून 10 मिलिमीटरवर आहे आणि कागदाची जाडी 0.1 मिलिमीटर, म्हणजे खालची बाजू 10.1 मिलिमीटरवर. वरच्या बाजूवरची ओढ 100 मानली, तर खालच्या बाजूवरची लोट येते 98. उरली फक्त 2. शंभरातली ही दोनची उरलेली ओढच कपट्याला उचलते.

कंगवा आणखी खाली आणून अंतर 5 मिलिमीटर केलं, तर? आधीच्याच मापात ओढ होते 400 आणि लोट साधारण 384.5. उरली 15.5, म्हणजे जवळजवळ आठपट. शिवाय कंगवा निम्म्या अंतरावर आल्यामुळे अणूंचे ढगही चौपट सरकतात, म्हणून दोन्ही पृष्ठभागांवरचे प्रभारच चौपट होतात. आठ चोक बत्तीस. अंतर निम्मं केलं आणि ओढ बत्तीसपट झाली. खऱ्या कंगव्यावर प्रभार पसरलेला असतो, त्यामुळे वाढ इतकी तीव्र नसते, पण असते जबरदस्तच. म्हणूनच कंगवा हळूहळू खाली आणताना बराच वेळ काहीच होत नाही, आणि मग एका क्षणी कपटा अचानक झेप घेतो. झेपेत तो जसजसा जवळ जातो तसतशी ओढ आणखी वाढते, त्यामुळे अर्ध्यावरून परत पडत नाही.

हे सगळं चालतं ते कपटा हलका आहे म्हणून. छपाईचा नेहमीचा कागद 80 जीएसएमचा असतो, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन 80 ग्रॅम. त्याचा पाच मिलिमीटरचा चौकोन भरतो 2 मिलिग्रॅम. असे पाचशे कपटे गोळा करा, तेव्हा कुठे एक ग्रॅम होईल. वर्तमानपत्राचा कागद याहून हलका, आणि टिश्यू पेपरचा एक पदर सुटा केला तर फारच हलका. पहिल्यांदा करून पाहताना तोच घ्यावा.

करायचं कसं? केस कोरडे आणि बिनतेलाचे हवेत. कंगवा साबणाने धुऊन पूर्ण वाळवलेला हवा, कारण दात्यांत अडकलेलं तेल प्लॅस्टिक आणि केस यांना एकमेकांना भिडूच देत नाही. एका टोकाला धरून तो दहा-पंधरा वेळा एकाच दिशेने झपझप फिरवा, किंवा लोकरीच्या स्वेटरवर घासा. कपटे लाकडी टेबलावर सुटे पसरा. कंगवा वरून हळू आणा, बोट कपट्यांच्या जवळ नको. उडण्याआधी कपट्याकडे नीट पाहिलंत तर दिसेल की तो आधी एका कोपऱ्यावर उभा राहतो. ध्रुवीकरण झालेल्या कपट्याचं एक टोक ओढलं जातं, दुसरं लोटलं जातं, म्हणून चुंबकाजवळच्या टाचणीसारखा तो लांबीच्या दिशेने कंगव्याकडे वळतो.

प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा हवेमुळे. जुलैत कोकणात हा प्रयोग करायला निघालात तर कंगव्याला दोष देऊ नका. दमट हवेत कंगव्यावर पाण्याचा न दिसणारा पातळ थर बसतो आणि प्रभार त्यावरून हातात आणि हवेत निघून जातो. तोच कंगवा डिसेंबरात, देशावरच्या कोरड्या सकाळी, पहिल्या फटक्यात कपटे उचलतो. पावसाळ्यात करायचाच असेल तर केस, कंगवा आणि कपटे तिन्ही हेअर ड्रायरने वाळवून घ्या आणि लगेच करा. स्टीलचा कंगवा मात्र कोणत्याच ऋतूत उपयोगाचा नाही. धातू सुवाहक, त्यामुळे आलेला प्रभार तुमच्या हातातून सरळ निसटतो.

कंगव्याला चिकटलेल्या कपट्यांकडे थोडा वेळ बघत राहा. काही तसेच लटकून राहतात, काही मिनिटभरात गळतात, आणि एखादा गळत नाही तर चक्क फेकला जातो. कागद अगदी शंभर टक्के दुर्वाहक नसतो, हवेतला ओलावा त्यात थोडा मुरलेला असतो. त्यामुळे दात्याला टेकल्यावर कंगव्याचे काही इलेक्ट्रॉन सावकाश कपट्यावर उतरतात. पुरेसे उतरले की कपटाही ऋण, कंगवाही ऋण, आणि ज्याने उचललं तोच लोटून देतो.

हीच गोष्ट वेगाने पाहायची असेल तर चॉकलेटच्या चांदीचे, म्हणजे ॲल्युमिनियमच्या वर्खाचे, तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे घ्या. वर्खाच्या मागे कागद किंवा प्लॅस्टिक चिकटवलेलं नाही ना, ते बघा. धातूत इलेक्ट्रॉन मोकळे असतात, त्यांना अणूतच सरकून थांबावं लागत नाही, ते थेट तुकड्याच्या दुसऱ्या टोकाला जातात. म्हणून वर्खाचा तुकडा कागदापेक्षा चपळाईने उडतो, दात्याला शिवतो, शिवताक्षणी प्रभार घेतो आणि सटकन उलटा फेकला जातो. खाली स्टीलची ताटली ठेवली असेल तर पडल्यावर त्याचा प्रभार ताटलीत जातो, तो पुन्हा उदासीन होतो, आणि पुन्हा उडतो. कंगव्यात दम असेपर्यंत त्याचं हे वरखाली चालू राहतं.