बॅगेचा कोड आणि बॅगेचं वय: धरमपेठेतली स्पीडी ३०

या वेळी हाती आली ती लुई व्हिताँची मोनोग्रॅम स्पीडी ३०. धरमपेठेतल्या ताईंनी ३८,००० रुपये सांगितले. "नणंदेनं २०११च्या उन्हाळ्यात पॅरिसहून आणली," म्हणाल्या. मी आधी आतला खिसा उलटा करून चामड्याच्या पट्टीवरचा कोड वाचला: एसपी ४१५१.

२००७पासूनच्या कोडमध्ये पहिला आणि तिसरा आकडा मिळून आठवडा, दुसरा आणि चौथा मिळून वर्ष. म्हणजे २०११चा ४५वा आठवडा, नोव्हेंबर. उन्हाळ्यात विकत घेतलेली बॅग नोव्हेंबरमध्ये कशी बनेल? (१९९० ते २००६च्या कोडमध्ये आठवड्याच्या जागी महिना असतो, तो नियम इथे लावू नका. २०२१पासून तर कोडऐवजी चिपच येते.)

मी तसं स्पष्ट सांगितलं. ताईंनी नणंदेला फोन लावला आणि तिने जुने फोटो शोधले, तेव्हा खरेदी २०१२च्या उन्हाळ्यातली निघाली. हिशोब जुळला. पण नुसत्या कोडवर माझा भरवसा नाही. तो कुणीही छापू शकतं. चुकीचा कोड बॅग बाद करतो, बरोबर कोड तिला खरी ठरवत नाही.

म्हणून मग चामडं. हँडलचं चामडं कच्चं, रंग न दिलेलं असतं. हात, ऊन आणि घाम लागून ते मधासारखं गडद होतं, पण सगळीकडे सारखं नाही. इथे मुठीची जागा सर्वांत गडद होती आणि पितळी कड्यांखाली झाकलेला भाग फिकट. हे मला फार आवडलं, कारण नकली बॅगेत बहुतेक वेळा पहिल्यापासून एकसारखा रंग असतो. कॅनव्हासही पाहिला. स्पीडीचा तो एकाच तुकड्याचा, तळाखालून वळवलेला असतो, त्यामुळे एका बाजूची अक्षरं सुलटी तर दुसरीची उलटी दिसतात. तसंच होतं. कुलूप-किल्ली जुळली, पण त्याला मी गुण देत नाही.

अडचण स्थितीत निघाली. हँडलच्या कडेवरचा लाल लेप चिकट झाला होता, पांढरा टिश्यू दाबला तर रंग उतरला. आत कुबट वास. बॅग उन्हाळाभर कूलरच्या खोलीतल्या कपाटात होती, आपल्याकडे हे नेहमीचंच. वास उघड्या सावलीत काही दिवसांत जाऊ शकतो, कडा कारागीर पुन्हा रंगवतो. पण हँडलच्या मुळाशी कॅनव्हासला बारीक चीर होती, आणि चिरलेला कॅनव्हास नीट सांधता येत नाही. मी ३०,००० सांगितले, ताई ३२,०००वर थांबल्या.

पैसे अजून दिलेले नाहीत. कोड, कडा, शिवण आणि चिरेचे फोटो पडताळणी करणाऱ्याकडे पाठवलेत. उत्तर आलं की बर्डीत भेटून, बॅग हातात घेऊन, मगच यूपीआय.