सिक्सच्या आधीचा एक सेकंद

*"आमच्या गल्लीच्या टुर्नामेंटची हायलाइट्स करतो. व्हॉइसओव्हर पहिल्यापासून जोरात देतो, तरी पोरं अर्ध्यात सोडतात. आवाजात दम आणायचा कसा?"*

पहिल्या बॉलपासून आवाज वर गेला, की शेवटच्या सिक्सला चढायला जागाच उरत नाही. शिवाय 'बॉल हवेत, बॉल सीमारेषेबाहेर' हे डोळ्यांना दिसतंच. आवाजानं न दिसणारं सांगावं: किती रन हव्यात, किती बॉल उरलेत आणि बॅटवर उभा असलेल्याच्या मनावर काय ओझं आहे.

समजा बेळगावच्या सरदार्स मैदानावर आठ ओव्हरची टेनिस बॉलची फायनल आहे. शेवटच्या ओव्हरला ११ रन हव्यात आणि समोर नवव्या नंबरचा डावखुरा आहे. त्याची गोष्ट गाव, घर, नोकरी असली सांगू नका. एकच धागा घ्या: पहिल्या डावात यानंच ओपनरचा कॅच सोडला होता. ओपनर तेव्हा १२ वर होता, पुढं त्यानं ४१ केल्या. म्हणजे तो कॅच २९ रनांना पडला. रील इथूनच सुरू करा. कॅच सुटतो, पब्लिकचा 'आयो' ऐकू येतो, तीन सेकंद आवाज नाही. मग शांतपणे: "हा कॅच एकोणतीस रनांना पडला. आता बॅट त्याच्याच हातात आहे."

पुढं ओव्हर अशी जाते: डॉट, दोन, चौकार, डॉट, डॉट. प्रत्येक बॉलचं वर्णन नको. चौकारानंतर "तीन बॉल, पाच रन" एवढंच बोला. पाचव्या बॉलनंतर मात्र समीकरण पूर्ण सांगावंच लागतं: "चौकार मारला तर टाय. जिंकायला सिक्सच हवा." बॉलर धावायला लागला की गप्प व्हा. बॅटला बॉल लागण्याआधीचा एक सेकंद पूर्ण मोकळा हवा. बॉल दोरीपलीकडं पडल्यावरच आवाज सोडा: "बाहेरच गेलाय की!"

पाऊण मिनिटाच्या अशा रीलला साठ-पासष्ट शब्द पुरतात. जोशात माणूस सेकंदाला अडीच शब्द बोलतो, म्हणजे जवळपास निम्मा वेळ मैदानाचाच राहतो. तो राहायलाच हवा. मागून कुणी 'मार की रे' ओरडतोय, कुणी कन्नडमध्ये 'होडी, होडी'; हे आपल्या मैदानाचंच आहे. त्यावर बोलून ते पुसू नका.

रेकॉर्डिंग एडिट बघत, उभं राहून करा. माइक तोंडापासून वीतभर आणि जरा बाजूला धरा. समोर धरला तर 'फ', 'भ'चा वारा फट्‌ फट्‌ वाजतो. शेवटची ओरड वेगळी घ्या आणि तेव्हा माइक दुप्पट लांब ठेवा. स्क्रीनवरच्या लाटेचे शेंडे कापल्यासारखे सपाट दिसले, तर आवाज फाटलाय. तो नंतर कमी केला तरी फाटकाच राहतो, परत घ्यावा लागतो.

बॅटच्या 'टक'कडं बहुतेकांचं लक्ष नसतं. कॅमेरा बाउंड्रीवर असेल, तर पिच साठ-सत्तर मीटर लांब पडतं आणि आवाज यायला ०.२ सेकंद लागतात. शॉट दिसतो आधी, टक येतो मागून आणि तगडा सिक्ससुद्धा पोकळ वाटतो. सेकंदाला ३० फ्रेमचा व्हिडिओ असेल तर मैदानाचा आवाज ६ फ्रेम अलीकडं ओढा. एवढ्यानं शॉटला वजन येतं. मैदानावरच्या भोंग्यात सिनेमाचं गाणं लागलं असेल, तर अपलोड केल्यावर कॉपीराइटमुळं सगळा आवाजच बंद पडू शकतो. म्हणून गाणं नसताना पब्लिकचा दोनेक मिनिटांचा नुसता गलका वेगळा घेऊन ठेवावा.

कॅप्शननं आवाजाचीच री ओढू नये. आवाज गप्प असतो तिथं कॅप्शन बोलतं. या रीलला चारच पुरतात: 'कॅच सुटला.', '११ हव्यात. ६ बॉल.', '५ हव्यात. १ बॉल.' आणि सिक्सनंतर 'त्या कॅचची फेड.' 'वाघ', 'किंग' कुणालाही चिकटतं. हे शेवटचं फक्त यालाच बसतं, कारण सुरुवातीचा कॅच बघितलेला असतो. प्रत्येक कॅप्शन दोन सेकंद राहू दे. ते वरच्या भागात ठेवा, खाली अकाउंटचं नाव आणि बटणं त्याला झाकतात.

काही एडिटिंग ॲपमध्ये जोडाक्षरं फुटतात: 'दुसऱ्या'तला अर्धा र निखळतो, 'हव्यात'मधल्या व चा पाय मोडलेला दिसतो. ॲपमध्ये नीट दिसलं तरी एक्स्पोर्ट केलेली फाइल फोनवर लावून प्रत्येक कॅप्शन थांबवून वाचा. फुटत असेल तर फॉन्ट बदला.