बाटलीची झाकणं आणि उरलेलं एक

बुधवार, रात्री

कापसाची वेचणी जोरात सुरू आहे, त्यामुळे पहिलीच्या तेरापैकी अकराच पोरं आली. दुसरीला पाढे लिहायला बसवलं आणि पहिलीला घेऊन व्हरांड्यात सम-विषमला सुरुवात केली. झाकणांची थैली भरलेलीच होती. पाण्याच्या बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं, थोडी गावातल्या लग्नांतली, बाकी फाट्यावरच्या पानठेल्यातली, साबणाच्या पाण्यातून काढून वाळवलेली. काचेच्या बाटल्यांचे पत्र्याचे बिल्ले मी पोरांच्या हातात देत नाही, त्यांची कड बोटाला लागते. वीस लिटरच्या जारची मोठी झाकणंही बाजूला ठेवते. मोठं दिसलं की पोरं त्याची जोडी लहानाशी लावतच नाहीत.

आकारासारखाच रंगाचा घोळ असतो. सहा-सात वर्षांच्या पोराला जोडी म्हणजे सारख्याला सारखं. चपलेची जोडी, बैलजोडी, कानातल्यांची जोडी. म्हणून मी प्रत्येकाला एकाच रंगाची दहा झाकणं देते. आज निळी कमी पडली आणि एका पोट्ट्याच्या वाट्याला निळी-पांढरी मिसळलेली आली. त्याला म्हटलं, सहा घे. त्यानं तीन निळी, तीन पांढरी घेतली, निळ्याला निळं लावलं, पांढऱ्याला पांढरं लावलं आणि म्हणाला, "मॅडम, दोन उरले." त्याच्या हिशेबानं बरोबरच होतं. एक निळं आणि एक पांढरं, दोन्ही एकलीच. त्याला चूक म्हणण्यात काही हशील नव्हतं. मी विचारलं, "हे दोघं एका बाकावर बसले तं चालन का?" त्यानं दोन्ही झाकणांकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि म्हणाला, "बसू द्या, भांडण नाही त्याइचं." मग काहीच उरलं नाही. सारख्या रंगावर हात बसला की मिसळलेली झाकणं मुद्दाम द्यायचीच असतात, म्हणजे रंगाचा इथे काही संबंध नाही हे पोरांच्या ध्यानात येतं. ह्याच्याकडे ती आधी आली इतकंच.

जोडी लावायची रीत मी ठरवूनच दिली आहे: दोन्ही हात वापरायचे, दोन्ही हातांनी एकेक झाकण एकदमच उचलायचं आणि चिकटवून पुढे सरकवायचं. शेवटी एक हात रिकामा राहिला तर एक उरलं. नुसत्या दोन रांगा मांडायला सांगितलं की अंतर कमीजास्त होतं. आठ झाकणांच्या चार-चारच्या दोन रांगा असतात, पण वरची लांब पसरलेली आणि खालची आखडलेली, आणि पोरगं वरच्या रांगेच्या टोकाकडे बोट दाखवून म्हणतं, एक उरलं. डोळ्याला लांबी दिसते, संख्या दिसत नाही. हातानं सरकवलेल्या जोडीत ही फसगत होत नाही.

आणखी एक गोष्ट मी पाळते. पहिले दोन-तीन दिवस "किती जोड्या झाल्या?" असं विचारतच नाही. विचारायचं ते एवढंच, "काही उरलं का?" सहाच्या तीन जोड्या होतात आणि दहाच्या पाच. पोरगं जोड्या मोजून तीनवर थांबलं की त्याच्या डोक्यात तीन राहतो, आणि आत्ताच तर तीनमध्ये एक उरलं होतं, म्हणून सहालाही तो विषममध्ये ढकलतो. हे दिसायला साध्या चुकीसारखं दिसतं, पण पोरानं डोकं लावलेलं असतं, फक्त जोड्यांची संख्या आणि झाकणांची संख्या ह्यांची अदलाबदल झालेली असते. आज एका पोरीनं सहाच्या बाबतीत नेमकं हेच केलं. तिला सहाही झाकणं पुन्हा सरकवायला लावली आणि शेवटी फक्त हात दाखवायला सांगितले. दोन्ही हात रिकामे. एवढं पुरलं.

मग तक्ता दिला. कोऱ्या कागदावर मधोमध उभी रेघ, डाव्या घराच्या डोक्यावर चिकटलेल्या दोन गोलांचं चित्र, उजव्या घराच्या डोक्यावर तसेच दोन गोल आणि त्यांच्यावर एकटा तिसरा. अक्षर एकही नाही, कारण अर्ध्या पोरांचं वाचन अजून चाचपडतच आहे. खाली कापून घ्यायच्या अंकांच्या चौकटी: ७, ४, ९, १, ६, ५, १०, ३. हे अंक मी मुद्दाम असे दिले. एक ते दहा ओळीनं दिले की दोन मिनिटांत पोरांच्या लक्षात येतं की एक इकडे, एक तिकडे, आणि मग झाकणांना कुणी हातच लावत नाही, कागद मात्र शंभर टक्के बरोबर भरतो. दोन्हीकडे सारखेच अंक असले तर शेवटचे दोन-तीन जागा पाहून चिकटवले जातात. इथे डावीकडे तीन आणि उजवीकडे पाच जातात, त्यामुळे जागा मोजून काही कळत नाही. सहा जणांनी आठही अंक नीट लावले. चौघांची एखाद-दुसरी चौकट चुकली. एकीनं कागद सुंदर कापला आणि चिकटवायचं विसरूनच गेली.

सगळ्यात जास्त गाडी अडली ती १ वर. सात किंवा नऊमध्ये आधी जोड्या होतात आणि मग एक उरतं, एकात तर जोडीच नाही. "मॅडम, यात उरलंच नाही काही, हे तं एकलंच आलं," असं एक जण म्हणाला आणि चौकट रेघेवर चिकटवायला निघाला. मी त्याला दोन्ही हातांनी उचलायला सांगितलं. एका हातात झाकण, दुसरा हात फरशीवर चाचपडतोय. त्यानं स्वतःच चौकट उजवीकडे नेली. त्याचा आक्षेप मात्र मला आवडला. उरण्यासाठी आधी काही झालेलं असावं लागतं असं मोठी माणसंही धरून चालतात.

शेवटची वीस मिनिटं खेळ. खरं तर ही जुनी एकी-बेकीच, चिंचोक्यांऐवजी झाकणांची, पण ते नाव घेतलं की वर्गात हसाहशी होते, कारण आमच्याकडे एकी म्हटलं की पोरं बाहेर पळायची परवानगी मागतात. म्हणून सम-विषमच म्हटलं. दोघं समोरासमोर बसतात, प्रत्येकाजवळ पाच झाकणं. एकानं 'सम' घ्यायचं, दुसऱ्यानं 'विषम'. एक-दोन-तीन म्हटलं की दोघांनी मुठी उघडायच्या, सगळी झाकणं एकत्र करायची, दोन्ही हातांनी सरकवायची, आणि काही उरलं तर विषमवाल्याला चिंचोका, नाही उरलं तर समवाल्याला. अकरा पोरं होती, म्हणून अकराव्याला पंच केलं. पंचाचं काम एकच, सरकवताना दोन्ही हात लागले का ते पाहणं. तो इतका कडक निघाला की दोघी पोरी त्याच्यावर रुसल्या.

थोड्या वेळानं एकानं रिकामी मूठ उघडली. समोरच्यानं लगेच तक्रार केली, हे चालत नाही. चालतं, मी म्हटलं. पुढच्या डावात दोघांनीही रिकाम्याच मुठी आणल्या आणि दोघंही माझ्या तोंडाकडे पाहू लागले. फरशीवर काहीच नाही. काही उरलं का? नाही. मग चिंचोका समवाल्याचा. शून्य सम आहे हे सांगायला ह्याहून जास्त बोलावं लागलं नाही.

घरी आल्यावर मी ह्या रिकाम्या मुठीचा हिशेब कागदावर मांडला. मुठीत एक ते पाचच झाकणं धरायची म्हटलं तर दोन मुठींचे पंचवीस प्रकार होतात. त्यांत बेरीज सम येते तेरा वेळा आणि विषम बारा वेळा, म्हणजे समवाल्याला जरासा फायदा. रिकामी मूठ चालवली की प्रकार होतात छत्तीस, आणि बरोबर अठरा-अठरा. म्हणजे पोट्ट्यानं लबाडी म्हणून जे आणलं त्यानं खेळ सारखा झाला. अर्थात हा हिशेब कागदावरचा. पोरं मुठीत किती धरायचं हे मनानं ठरवतात, आणि एक पोरगी तर प्रत्येक डावात पाचच्या पाच घेऊन येत होती, कारण मोठी मूठ तिला भारी वाटते.

पण ह्या खेळातून जे हाती लागावं असं मला वाटतं ते वेगळंच आहे, आणि ते आज एकाच जोडीत दिसलं. दोघांनीही तीन-तीन झाकणं उघडली. विषमवाला खूश, त्याला दोन्हीकडे एकेक उरलेलं दिसत होतं. त्यानं स्वतःच्या तिनातलं एक वेगळं काढलं, समोरच्याच्या तिनातलंही काढलं, आणि चिंचोक्याकडे हात नेता नेता थबकला. ती दोन उरलेली झाकणं एकमेकांशेजारीच पडली होती. "अरे, यायची तं जोडी झाली," असं म्हणून त्यानं ती सरकवली आणि चिंचोका गुपचूप समोर ढकलला. विषममध्ये विषम मिळवलं की सम, हा नियम मी फळ्यावर लिहिला नाही, इतक्यात लिहिणारही नाही. अजून चार-पाच जणांना हे आपल्याच झाकणांत दिसू दे.

सुट्टी होताना झाकणं थैलीत भरून घेतली आणि एकेकाला तोंडी विचारलं. आठ? बहुतेकांनी हवेतच दोन्ही हात सरकवून उत्तर दिलं, ते मला चालतं. मग मुद्दाम बारा विचारलं. दोघांनी विषम सांगितलं. काहून, तर म्हणे, "बाराले एक असते ना पुढं." लिहिलेला पहिला अंक पाहून सांगत आहेत. दहाच्या पुढचं आज घेतलंच नव्हतं, त्यामुळे त्यात त्यांचा दोष नाही. उद्या जाळीच्या पिशवीत दहा झाकणं, पाच जोड्या पोरांसमोर लावूनच, बांधून नेईन. पिशवी तशीच ठेवायची, आत उरलेलं काही नाही हे सगळ्यांनी पाहिलेलं असेल. तिच्या बाजूला दोन सुटी मांडली की बारा, तीन मांडली की तेरा. सरकवायची फक्त सुटी. सोळा-सतरापर्यंत गेलं तरी पुरे.

त्या दोघांना आणि आज न आलेल्या दोघांना मात्र आधी सात-आठच देईन. आणि निळी झाकणं आणायला फाट्यावर निरोप धाडला आहे.