'केलं' या शब्दाने माझा रेझ्युमे खाल्ला होता

सहा वर्षं मी नाशिकला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला होते. नोकरी बदलायची ठरवली तेव्हा रेझ्युमे लिहायला एक रविवार पुरेल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात दीड महिना लागला, आणि त्यातला बहुतेक वेळ ओळीच्या पहिल्या शब्दावर गेला.

पहिल्या मसुद्यात सात ओळी होत्या. त्यातल्या चार 'रिस्पॉन्सिबल फॉर'ने सुरू होत होत्या, दोन 'हँडल्ड'ने आणि एक 'वर्क्ड ऑन'ने. एका मैत्रिणीने 'जोरदार क्रियापदं' म्हणून दोनेकशे शब्दांची यादी पाठवली. मी एका बैठकीत सगळ्या ओळींचे पहिले शब्द बदलून टाकले. बाकीची ओळ तशीच ठेवली. रिजेक्शन कमी करण्याच्या कामापुढे 'स्पिअरहेडेड' लावलं, ऑडिटपुढे 'ऑर्केस्ट्रेटेड'. वाचून मलाच माझ्याबद्दल आदर वाटायला लागला.

पहिल्याच इंटरव्ह्यूला समोरच्या साहेबांनी 'स्पिअरहेडेड'वर पेनाचं टोक ठेवलं आणि विचारलं, "तुमच्या हाताखाली किती जण होते?" एकही नव्हतं. मी काहीतरी टीमवर्क वगैरे बोलले. त्यानंतरचे प्रश्न त्यांनी उरकल्यासारखे विचारले. काम मी खरंच केलं होतं, खोटा फक्त तो एक शब्द होता. पण त्याने बाकीच्या सहा ओळीही संशयात गेल्या.

माझी मावसबहीण पुण्यात एका कंपनीत भरतीचं काम बघते. तिला फोनवर रेझ्युमे वाचून दाखवायला लागले तर तिने दुसऱ्या ओळीलाच थांबवलं. "इंग्रजी बाजूला ठेव. रिजेक्शनचं काय केलंस ते मला मराठीत सांग."

"अगं ताई, अ‍ॅनालिसिस केलं, कोऑर्डिनेशन केलं, मग इम्प्लिमेंटेशन केलं."

"बघ, तीनदा 'केलं' म्हणालीस आणि मला काहीच दिसलं नाही. 'केलं' न वापरता सांग."

हे वाटतं तितकं सोपं नाही. आपण ऑफिसात दिवसभर इंग्रजी नाम आणि पुढे 'केलं' असंच बोलतो, त्यामुळे खरं क्रियापद कधी तोंडात येतच नाही. मी अडखळत सांगायला लागले. आमच्याकडे सीएनसी लेथवर एक बुश, म्हणजे नळीसारखा छोटा पार्ट, व्हायचा. त्याचा ओडी, म्हणजे बाहेरचा व्यास, टॉलरन्सच्या बाहेर जायचा. रिजेक्शन ३.८ टक्के. सगळे ऑपरेटरला दोष द्यायचे. मी सहा आठवड्यांचं रिजेक्शन रजिस्टर घेऊन बसले आणि प्रत्येक खराब नग कुठल्या तासाला झाला ते वेगळं काढलं. ३१८ नगांपैकी १३१ पहिल्या शिफ्टच्या पहिल्या तासातले निघाले. रात्री मशीन बंद असायचं. सकाळी ते थंड असताना सेट केलेलं माप मशीन तापत गेलं की सरकायचं. सुट्टीनंतरच्या दिवशी आणि थंडीत हे जास्त. मग दोन मशीनवर पहिला तासभर दर पाचवा नग मोजला, माप कसं चढत जातं ते कागदावर मांडलं आणि प्रॉडक्शनच्या साहेबांना दाखवलं. पंधरा मिनिटं मशीन रिकामं फिरवून मगच काम लावायचं, हे त्यांच्या गळी उतरवायला तीन आठवडे लागले, कारण पंधरा मिनिटं म्हणजे त्यांचे नग कमी.

"आता मोज," ताई म्हणाली. "वेगळं काढलं. मोजलं. मांडलं. गळी उतरवलं. ही चार क्रियापदं आहेत आणि चारही तुझीच आहेत. त्यांना इंग्रजी शोध."

तिथून पुढे आम्ही हीच पद्धत धरली. आधी मराठीत खरं क्रियापद, मग कोणत्या प्रकारचं काम आहे ते, आणि शेवटी त्या गटातला नेमका शब्द. यादी वाईट नव्हती, मी ती उलट्या टोकाने वापरत होते.

सगळ्यात जास्त वेळ विश्लेषणाच्या गटाने खाल्ला. या गटात 'अ‍ॅनालाइज्ड' सगळेच लिहितात, आणि ते सांगतं फक्त एवढंच की तुम्ही आकड्यांकडे पाहिलं. पाहून काय झालं ते नाही. ताईने फरक असा लावून दिला: नुसतं मोजून आकडा ठरवला असेल तर 'मेझर्ड' किंवा 'क्वांटिफाइड'. दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या तर 'कम्पेअर्ड'. प्रश्न आहे हे पहिल्यांदा लक्षात आणून दिलं तर 'आयडेंटिफाइड'. परिणामापासून मागे मागे जात कारणापर्यंत पोचलं तर 'ट्रेस्ड'. आणि कारण सापडलंय की नाही हे पुन्हा प्रयोग करून तपासलं तर 'व्हेरिफाइड'. माझ्या बाबतीत 'आयडेंटिफाइड' चुकलं असतं, कारण रिजेक्शन आहे हे शिपायालाही माहीत होतं. मी कारणापर्यंत गेले होते. म्हणून ओळ झाली: 'ट्रेस्ड ४१% ऑफ ओडी रिजेक्शन टु कोल्ड-स्टार्ट ड्रिफ्ट', आणि पुढे सहा आठवड्यांच्या रजिस्टरचा उल्लेख. 'ट्रेस्ड'ने एक चांगली गोष्ट केली. तो शब्द 'कशापर्यंत' हे विचारतोच, त्यामुळे कारण ओळीत आणावंच लागतं. 'अ‍ॅनालाइज्ड' नंतर 'डेटा' लिहून माणूस सुटू शकतो.

यातच एक बारीक गोष्ट कळली. 'अ‍ॅनालाइज्ड'चं स्पेलिंग ब्रिटिश पद्धतीने s ने होतं आणि अमेरिकन पद्धतीने z ने. माझ्या दोन ओळींत दोन वेगवेगळी होती. कुठलंही चालतं, पण एका रेझ्युमेत एकच.

उभारणीच्या गटात माझा सगळ्यात मोठा गैरसमज निघाला. बुशचं माप बसतं की नाही एवढंच सांगणारं एक गो-नोगो गेज आणलं होतं, त्यापुढे मी 'बिल्ट' लिहिलं होतं.

"तू घडवलंस?"

"नाही, टूलरूमने. मी स्केच आणि मापं दिली."

"मग ते 'डिझाइन्ड'. टूलरूमचा माणूस 'बिल्ट' लिहील. दोघांचं खरं."

सकाळी मशीन रिकामं फिरवणाऱ्या वॉर्म-अप प्रोग्रॅमचंही तसंच. तो प्रोग्रॅमरने लिहिला होता. माझा वाटा कल्पना मांडण्याचा आणि मग ती अकरा मशीनवर रोजच्या वापरात आणण्याचा. म्हणून 'डेव्हलप्ड' गेलं, 'प्रपोज्ड' आलं आणि रोजच्या वापरासाठी 'इंट्रोड्यूस्ड'. 'बिल्ट' मात्र एका ठिकाणी शंभर टक्के खरं होतं, आणि तेच मी लिहायचं विसरले होते. तासागणिक रिजेक्शन आपोआप वेगळं करणारी एक्सेल शीट मी स्वतः बनवली होती, फॉर्म्युल्यांसकट. ती पुढे दुसऱ्या दोन लाइननीही घेतली. तिथे 'स्टँडर्डाइज्ड' लिहायचा मोह झाला, पण तो शब्द सगळीकडे एकच पद्धत लागू झाली तरच शोभतो. दोन लाइननी हौसेने कॉपी केली म्हणजे प्रमाणित झाली असं नाही.

नेतृत्वाचा गट मी घाबरत उघडला, कारण मार तिथेच खाल्ला होता. माझ्या हाताखाली कागदोपत्री कोणी नव्हतं, तेव्हा 'मॅनेज्ड' बाद. 'लेड'बद्दल ताईचं मत असं की हुद्दा नसला तरी चालतो, पण कामाचा शेवटचा निर्णय तुमचा असावा लागतो. वॉर्म-अपचा निर्णय प्रॉडक्शनचा होता, माझा नाही. मग उरलं काय? बावीस ऑपरेटरना पहिल्या तासाची तपासणी मी मशीनवर उभं राहून शिकवली होती: 'ट्रेन्ड'. दोन ट्रेनी मुलं तेव्हा सहा महिन्यांपासून माझ्याबरोबर होती, त्यांना रोजचं काम मी वाटून द्यायचे आणि संध्याकाळी तपासायचे: 'सुपरवाइज्ड'. 'मेंटॉर्ड' हा त्याच्या शेजारचा शब्द, पण तो कामापेक्षा माणूस घडवण्याबद्दल बोलतो. मी त्या पोरांना घडवलं असं म्हणवेना, त्यातल्या एकाला तर मी बऱ्यापैकी ओरडायचे.

प्रॉडक्शनच्या साहेबांना पटवण्यासाठी 'कन्व्हिन्स्ड' लिहिलं तेव्हा मात्र आमचं भांडण झालं. ताई म्हणाली, ऐकायला तक्रारीसारखं लागतं, जणू ते साहेब अडून बसले होते. मी म्हटलं, बसलेच होते. शेवटी 'सिक्युअर्ड' वर तह झाला: दोन मशीनवरच्या चाचणीच्या जोरावर प्रॉडक्शनची मंजुरी मिळवली. मला तो शब्द अजूनही जरा गुळगुळीत वाटतो.

रिजेक्शन चार महिन्यांत २.२ टक्क्यांवर आलं होतं. त्यासाठी 'रिड्यूस्ड' सरळ होता, पण एकटी मीच कमी केलं असं त्यातून निघतं. म्हणून आकडा वेगळ्या ओळीत न देता 'इंट्रोड्यूस्ड'च्या ओळीच्या शेवटी जोडला: वॉर्म-अप आणि पहिल्या तासाची तपासणी अकरा मशीनवर सुरू केली, रिजेक्शन ३.८ वरून २.२ टक्के. क्रियापद माझ्या हाताचं, आकडा त्या कामाच्या परिणामाचा.

काळाचा घोळ शेवटी निस्तरला. तेव्हा मी नोकरीतच होते, त्यामुळे जे रोज चालू होतं, जसं की त्या ट्रेनी मुलांचं काम, ते वर्तमानकाळात, 'सुपरवाइज'. जे होऊन गेलं ते भूतकाळात. 'आय' कुठेच नाही.

दुसऱ्या इंटरव्ह्यूला बाईंनी 'ट्रेस्ड'वर बोट ठेवलं. "हे कसं ट्रेस केलंत?" मी रजिस्टरपासून सुरुवात केली. बोलता बोलता त्यांच्याकडून कागद मागून घेतला आणि माप तासाभरात कसं चढतं ती रेघ काढून दाखवली. त्या प्रश्नावर वीस मिनिटं गेली.

त्या रेझ्युमेत आधी आणखी एक ओळ होती, कस्टमर ऑडिटची. 'ऑर्केस्ट्रेटेड' काढून तिथे मी गुपचूप 'पार्टिसिपेटेड' टाकलं होतं. ताईने विचारलं, त्या दिवशी तू नक्की काय करत होतीस?

"फायली आणून देत होते."

"आणि?"

"चहाचं बघितलं."

ओळ तिथेच खोडली.